ऑप्शन्स बुकसाठी डेल्टा-गॅमाच्या मर्यादा: आकडा कुठून आणायचा?

प्रश्न: आमचं छोटं ऑप्शन्स बुक आहे, बहुतेक विक्रीचं. डेल्टा रोज शून्याजवळ आणतो, पण गॅमाला मर्यादाच नाही. पूर्ण बुकसाठी दोन्हींची मर्यादा ठरवायची आहे. आकडा कशावरून काढायचा, आणि एक्सपायरी जवळ आली की त्याचं काय करायचं?

उत्तर:

सुरुवात तोट्यापासून करा. डेल्टा किती चालेल, गॅमा किती चालेल हे आधी विचारलं तर हवेतला आकडा मिळतो. विचारायचं ते असं: हात लावायला वेळच मिळाला नाही आणि बाजार अमुक टक्के हलला, तर किती तोटा सोसायला आपण तयार आहोत? त्या उत्तरातून दोन्ही मर्यादा निघतात, आणि एकमेकींशी जुळलेल्या निघतात.

त्याआधी एकक बदला. बरेच जण डेल्टा ऑप्शनच्या संख्येत आणि गॅमा स्क्रीनवर दिसतो तसा 0.0006 वगैरे वाचतात. त्यावर मर्यादा लावता येत नाही, कारण वेगवेगळ्या भावाच्या दोन साधनांचे असे आकडे एकमेकांत मिळवता येत नाहीत. दोन्ही पैशात आणा. खाली `S` म्हणजे साधनाचा भाव, `x` म्हणजे टक्क्यांतली हालचाल:

```
D = delta × S            (पैशातला डेल्टा)
G = gamma × S² / 100     (1% हालचालीत D किती बदलेल)
नफा-तोटा ≈ D·x/100 + G·x²/200
```

`G` चा अर्थ डोक्यात पक्का बसला पाहिजे. बाजार 1% हलला की आपल्या गळ्यात किती पैशांची नवी पोझिशन पडते, ते हा आकडा सांगतो. गॅमा विकलेला असेल तर ही नवी पोझिशन कायम चुकीच्या बाजूची असते. बाजार वर गेला की आपण शॉर्ट झालेलो असतो, खाली आला की लाँग.

आता आकडे घेऊ. भांडवल 1 कोटी, चलन कोणतंही असो. साधन एक निर्देशांक, भाव 20,000, वार्षिक व्होलॅटिलिटी 16%, म्हणजे दिवसाची साधारण 1%. रात्रभरात, हेज न करता, 3% ची उडी बसली तर भांडवलाच्या 2%, म्हणजे 2 लाख, एवढाच तोटा चालेल असं ठरवलं. या 2 लाखांची वाटणी करायची आहे. विक्रीच्या बुकात मोठा वाटा गॅमाला द्यावा लागतो, कारण धंदाच त्याचा आहे. डेल्टाची मर्यादा 20 लाख धरली तर 3% वर त्याचा तोटा 60,000. उरले 1.40 लाख. 3% वर गॅमाचा तोटा `G` च्या 0.045 पट असतो, म्हणून `G` 31 लाखांच्या आसपास येतो. तो 30 लाख ठेवू. मग गॅमाचा तोटा 1.35 लाख, आणि दोन्ही मर्यादा पूर्ण भरलेल्या असताना उडी उलट्या बाजूला बसली तरी एकूण 1.95 लाख.

हे आकडे वहीत लिहून लगेच पुढे जाऊ नका, एक भागाकार करून बघा. डेल्टाची मर्यादा भागिले गॅमाची मर्यादा: 20 भागिले 30, म्हणजे 0.67. डेल्टा बरोबर शून्यावर असताना बाजार 0.67% हलला की डेल्टाची मर्यादा गाठली जाते. दिवसाची व्होलॅटिलिटी 1% असेल तर बंद भावाने एवढी हालचाल निम्म्या दिवसांत होते, आणि दिवसातल्या चढउतारात त्याहून जास्त वेळा. म्हणजे या दोन मर्यादा लिहिल्या तेव्हाच आपण किती वेळा हेज करणार, हेही ठरून गेलं. कुणी उत्साहाने डेल्टाची मर्यादा 5 लाखांवर आणली आणि गॅमा तसाच ठेवला तर 0.17% ला घंटा वाजेल. मग दिवसभर वर विकत घ्यायचं आणि खाली विकायचं, एवढंच काम उरतं. डेल्टा फार घट्ट आणि गॅमा मोकळा, ही मला सगळ्यात जास्त दिसलेली चूक आहे. अशा बुकात रोजचा अहवाल स्वच्छ दिसतो आणि प्रीमियम हेजिंगच्या खर्चात गळून जातं.

दुसरी पडताळणी थीटाशी. 30 लाखांचा गॅमा विकलेला असेल आणि दिवसाची व्होलॅटिलिटी 1% असेल तर रोजचा थीटा साधारण 15,000 येतो (वरच्या सूत्रात `x` ला 1 घालून बघा). 3% च्या एका दिवसाचा गॅमाचा तोटा 1.35 लाख, म्हणजे 9 दिवसांची कमाई. हे प्रमाण तुमच्या डेस्कला पटत नसेल तर गॅमा कमी करण्याने काही होणार नाही, कारण गॅमा आणि थीटा एकत्रच कमी होतात. ते प्रमाण बदलायचं तर पंख विकत घ्यावे लागतात, म्हणजे लांबचे स्ट्राइक घेऊन तोट्याला टोकाशी थांबवावं लागतं.

गॅमा विकत घेतलेला असेल तर हेच उलटं लागू होतं. तिथे मर्यादा थीटाची लावावी, रोज किती गळती चालेल याची. त्या बाजूला 3% ची उडी त्रास देत नाही, शांत महिना त्रास देतो. म्हणून दोन्ही बाजूंना एकच गॅमा मर्यादा लावणं मला पटत नाही.

आता एक्सपायरीकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला खरा काटा तिथे आहे.

10 ट्रेडिंग दिवस उरले असताना 20,000 चे 500 स्ट्रॅडल विकले असं धरा (500 म्हणजे निर्देशांकाची एककं). एका ऑप्शनचा गॅमा साधारण 0.000626, म्हणून `G` च्या हिशोबात एका स्ट्रॅडलचे 5,000 आणि 500 चे 25 लाख. 30 लाखांच्या आत आहे, सगळं हिरवं. आता एकही सौदा करू नका आणि बाजारही 20,000 वरच थांबलेला धरा. 7 दिवस उरतील तेव्हा हाच गॅमा 29.9 लाख झालेला असतो. 4 दिवस उरले की 39.5 लाख, आणि शेवटच्या दिवशी 79 लाख. भावाजवळच्या स्ट्राइकचा गॅमा उरलेल्या दिवसांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. हे सगळ्यांना माहीत असतं, पण मर्यादेच्या कागदावर फार थोडे जण ते लिहितात.

म्हणून नियम असा लिहा: पोझिशन उघडताना आजचा गॅमा बघायचा नाही, ज्या दिवशी बाहेर पडायचं ठरवलं आहे त्या दिवशीचा, स्ट्राइकवरचा गॅमा बघायचा. 4 दिवस उरले असताना बाहेर पडणार असाल तर 500 ऐवजी साधारण 380 स्ट्रॅडलच विकता येतात. शेवटपर्यंत धरणार असाल तर 190. हा आकडा पहिल्यांदा समोर आला की ट्रेडर कुरकुर करतो, कारण प्रीमियम निम्म्याहून खाली येतं. पण नंतर मर्यादा मोडून घाईत परत घेण्यापेक्षा उघडतानाच कमी विकलेलं स्वस्त पडतं.

इथे एक प्रामाणिक शंका निघते. शेवटच्या दिवशी 79 लाखांच्या गॅमाने सूत्रानुसार 3% वर 3.56 लाख तोटा दिसतो. पूर्ण किंमत पुन्हा काढली तर तो जवळपास 2.2 लाखच निघतो: स्ट्रॅडलची किंमत त्या दिवशी 161 अंक, हालचाल 600 अंक, फरक 439, गुणिले 500. म्हणजे भावाजवळच्या स्ट्राइकला एक्सपायरीच्या दिवशी गॅमाचं सूत्र तोटा फुगवून सांगतं. फुगवून सांगितल्याने बुडत नाही, म्हणून मी ते चालवून घेतो. बुडवतो तो उलटा प्रकार, आणि त्यात मी स्वतः होरपळलो आहे.

त्या वेळी आमच्या बुकात स्ट्रँगल विकलेले होते, दोन्ही बाजूंना 3% लांब, एक्सपायरीला 2 दिवस. आकडे इथल्या उदाहरणाच्या मापात बसवून सांगतो. 19,400 चा पुट आणि 20,600 चा कॉल, 2,000 स्ट्रँगल. डेल्टा सव्वा-दीड लाख, म्हणजे नसल्यासारखाच. गॅमा 24.5 लाख, मर्यादेच्या आत. संध्याकाळचा अहवाल पूर्ण हिरवा होता, आणि शेजारी बसणारा सहकारी म्हणाला, "आज शांत झोप." सूत्र सांगत होतं की 3% ला 1.10 लाख जातील.

सकाळी बाजार वर उघडला. निर्देशांक थेट 20,600 वर असला, तर व्होलॅटिलिटी तीच धरूनही त्या कॉलची किंमत 2 अंकांवरून 117 वर जाते. 2,000 एककांवर तोटा 2.27 लाख, सूत्राने सांगितल्याच्या दुप्पट. पण तोट्याहून भयानक होतं ते पुढे. आता पैशातला डेल्टा 2.06 कोटी शॉर्ट होता, मर्यादा 20 लाख. गॅमा 1.15 कोटी, मर्यादा 30 लाख. रात्री ज्या बुकाला कुठलाही नियम लागत नव्हता, ते सकाळी पहिल्या मिनिटाला डेल्टाच्या दहापट बाहेर होतं. आणखी 1% वर गेला असता तर तोटा 4.8 लाखांवर गेला असता, सूत्राच्या अडीचपट. आम्ही फ्युचर्स घेऊन डेल्टा झाकला. गॅमा तसाच राहिला, कारण फ्युचर्सना गॅमा नसतो. ऑप्शन परत घ्यायला गेलो तर खरेदी-विक्रीच्या भावांतली फट रुंदावलेली होती.

त्यातून दोन गोष्टी नियमात आल्या.

पहिली, गॅमाची मर्यादा फक्त आजच्या भावावर तपासायची नाही. भाव 3% खालपासून 3% वरपर्यंत अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने सरकवायचा, प्रत्येक ठिकाणी पूर्ण बुकाची किंमत, डेल्टा आणि गॅमा नव्याने काढायचे, आणि त्या पट्टीत कुठेही दोन गोष्टी मोडता कामा नयेत: तोटा 2 लाख, आणि गॅमा आजच्या मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे 60 लाख. स्ट्राइकवर त्या 2,000 स्ट्रँगलचा गॅमा 1.15 कोटी आहे, म्हणून या नियमाने साधारण 1,040 च विकता आले असते. आणि ही पट्टी उद्याची तारीख धरूनही काढा, कारण रात्र गेली की दिवसही गेलेला असतो.

दुसरी, डेल्टाचा भंग आणि गॅमाचा भंग यांना वेगळी वागणूक. डेल्टा मिनिटांत दुरुस्त होतो, म्हणून दिवसभरात त्याला थोडी ढील देता येते. आम्ही दिवसा 40 लाखांपर्यंत चालवून घेतो आणि बाजार बंद होताना 20 च्या आत आणतो. दुरुस्त करतानाही शून्यावर आणत नाही, मर्यादेच्या निम्म्यावर थांबतो, नाहीतर बाजार लगेच मागे फिरला की पुन्हा उलटा सौदा करावा लागतो. गॅमाला मात्र दिवसाची ढील नाही. तो कमी करायचा तर ऑप्शनच विकत घ्यावे लागतात, आणि ते नेमके नको त्या वेळी महाग मिळतात. म्हणून गॅमाला 70% वर इशारा ठेवा. इशारा लागला की त्या बाजूचे नवे सौदे बंद, आणि त्याच दिवशी कमी करायला सुरुवात. नुसता वेळ गेल्याने मर्यादा मोडली तर तो ट्रेडरचा गुन्हा धरू नका, पण मुदत लिहून ठेवा: बाजार बंद होण्याआधी आत आणायचं. सौद्यामुळे मोडली तर तो सौदा लगेच उलटवायचा.

आता पोर्टफोलिओचा प्रश्न, कारण तुमच्याकडे एकाहून जास्त साधनं असणार. डेल्टाची बेरीज बीटाने गुणून, एका निर्देशांकाच्या भाषेत करता येते. सहसंबंध थोडा चुकला तरी चूक मर्यादित राहते. गॅमाची बेरीज अशी करू नका. एका शेअरवर विकलेला गॅमा आणि निर्देशांकावर विकत घेतलेला गॅमा कागदावर शून्य होतात. पण तो शेअर निकालाच्या दिवशी एकटाच 8% उडतो आणि निर्देशांक जागचा हलत नाही, तेव्हा विकत घेतलेल्या गॅमाचा काहीच उपयोग नसतो. म्हणून प्रत्येक साधनाला स्वतःची गॅमा मर्यादा, त्या साधनाच्या स्वतःच्या उडीवर काढलेली, आणि सगळीकडच्या विकलेल्या गॅमाच्या 3% वरच्या तोट्याची बेरीज, खरेदीची वजावट न करता, एकूण 2 लाखांच्या आत. एकाच साधनात वेगवेगळ्या एक्सपायऱ्या असतील तर वजावट चालते, पण फक्त वरच्या पट्टीतून. लांबच्या महिन्याचा विकत घेतलेला गॅमा पट्टीभर पसरलेला असतो आणि जवळच्या आठवड्याचा विकलेला एका स्ट्राइकभोवती टोकदार असतो. मधल्या एका बिंदूवर शून्य झाला म्हणजे झाकला गेला असं होत नाही.

एक गोष्ट डेल्टा-गॅमाच्या नजरेत कधीच येत नाही, ती म्हणजे लांबचं टोक. 10 दिवसांचे 500 स्ट्रॅडल आणि 2 दिवसांचे 2,000 स्ट्रँगल यांचा गॅमा जवळपास सारखाच होता, 25 लाख आणि 24.5 लाख. बाजार 20% पडून 16,000 वर आला तर स्ट्रॅडलचा तोटा 17.5 लाख आणि स्ट्रँगलचा 68 लाख. 19 ऑक्टोबर 1987 ला डाऊ जोन्स एका दिवसात 22.6% पडला होता, त्यामुळे 20% हा काल्पनिक आकडा नाही. या टोकासाठी डेल्टा-गॅमाबाहेर एक साधा नियम लागतो: प्रत्येक बाजूला, खरेदी-विक्रीची वजावट करून, किती ऑप्शन उघडे विकलेले राहतील याची संख्या. 1 कोटीच्या बुकाला 20% वर जास्तीत जास्त 25 लाख सोसायचे असतील तर 19,400 चे उघडे पुट 735 च्या पुढे जाता कामा नयेत. त्यापुढचा प्रत्येक पुट खालचा एखादा पुट घेऊन झाकलेला हवा.

कोणता डेल्टा मोजायचा, हेही कागदावर लिहा. स्क्रीनवरचा डेल्टा व्होलॅटिलिटी स्थिर धरतो. शेअर निर्देशांकात बाजार पडला की व्होलॅटिलिटी सहसा वाढते. तुम्ही विक्रीचं बुक चालवता, म्हणजे व्हेगाही विकलेला आहे, तेव्हा खरा डेल्टा स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा लाँग असतो. स्क्रीनवर शून्य म्हणजे प्रत्यक्षात थोडं वरच्या बाजूला झुकलेलं. म्हणून पट्टी काढताना खालच्या बाजूला व्होलॅटिलिटी वाढवूनच किंमत काढा. किती वाढवायची ते तुमच्या साधनाच्या जुन्या पडझडीच्या दिवसांवरून ठरवा.

शेवटी, 3% हा आकडा दगडावरची रेघ नाही. तो दिवसाच्या व्होलॅटिलिटीच्या तिप्पट म्हणून घेतला होता. व्होलॅटिलिटी दुप्पट झाली, दिवसाची 2%, तर उडी 6% धरायची. 2 लाखांचा तोटा तोच ठेवला तर डेल्टाची मर्यादा निम्मी होते, 10 लाख, पण गॅमाची चौथ्या हिश्श्यावर येते, साडेसात लाख, कारण गॅमाचा तोटा हालचालीच्या वर्गाने वाढतो. हे ऐकायला क्रूर वाटतं, तरी प्रत्यक्षात पोझिशन निम्मीच करावी लागते. व्होलॅटिलिटी दुप्पट झाली की भावाजवळच्या ऑप्शनचा गॅमा आपोआप निम्मा होतो, त्यामुळे 30 लाखांचा गॅमा 15 वर आलेला असतो आणि त्यातले साडेसात काढायचे उरतात. मर्यादा घट्ट करताना त्याच दिवशी करा. सैल करताना मात्र व्होलॅटिलिटी खाली आल्यावर किमान महिनाभर तिथे टिकलेली दिसू दे, मगच जुने आकडे परत आणा.